वर्गात नाडी मोजताना आकडे कुठे बिघडतात आणि जमलेले आकडे कसे वाचायचे

प्रश्न: नववीच्या मुलांना बसल्या जागी आणि व्यायामानंतर नाडी मोजायला शिकवायची आहे. मागच्या वेळी बसल्या जागी कुणाचे ४८ आले, कुणाचे १३२. पळून आल्यावर काहींचे ठोके तर कमीच झाले! ४० मुलं, ३५ मिनिटांचा तास, घड्याळ एकच. कसं घ्यावं आणि आकड्यांवरून मुलांना काय सांगावं?

उत्तर:

४८ आणि १३२ पाहून मला पहिला संशय येतो तो गुणाकाराचा. १५ सेकंदांत २२ ठोके आले तर ४ ने गुणून ८८ होतात. तेच २२ कुणी ६ ने गुणले की १३२. उलट १० सेकंदांत १२ ठोके मोजून ४ ने गुणले की ४८, खरं उत्तर ७२. मुलांनी फक्त शेवटचा आकडा सांगितला असेल तर ही चूक आता शोधता येणार नाही. म्हणून वहीत आधी प्रत्यक्ष मोजलेले ठोके लिहायचे आणि मिनिटाचा आकडा शेजारच्या रकान्यात. शिवाय सगळ्या वर्गाची वेळ एकच ठेवा, १५ सेकंद. १० सेकंदांत एक ठोका हुकला तर मिनिटाला ६ चा फरक पडतो, १५ सेकंदांत ४ चा. पूर्ण मिनिट मोजणं विश्रांतीला चांगलं, पण व्यायामानंतर ते चालत नाही. का ते पुढे येईलच.

एका तासात दोन्ही बसवायला जाऊ नका, घाई होते. पहिला तास फक्त बोटं आणि मोजणी यांना द्या.

हात बाकावर टेकवायचा, तळवा वर, मनगट किंचित मागे झुकलेलं. घड्याळ, बांगड्या, घट्ट दोरा वर सरकवायचा. मनगटाच्या मधोमध ताठ दोऱ्यांसारखं काही बोटाला लागतं. तिथून अंगठ्याच्या बाजूला सरकलं की हाडाच्या आधी एक खोबण आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची पेरं त्या खोबणीत ठेवायची. अंगठा लावायचा नाही, कारण अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते आणि मूल तीच मोजत बसतं. नाडी सापडत नाही म्हणणारी बहुतेक मुलं एकतर मधल्या दोऱ्यांवर दाबत असतात किंवा फार जोरात. त्यांना सांगा, आधी ठोका नाहीसा होईपर्यंत दाब आणि मग हळूहळू सैल सोड. एका टप्प्यावर ठोका स्पष्ट उसळतो, तिथेच थांब. मानेची नाडी सोपी वाटते, पण वर्गात ती टाळावी. तिथे जोरात दाबलं की शरीर त्याला वाढलेला रक्तदाब समजतं आणि ठोके मंदावतात. म्हणजे व्यायामानंतरचा आकडा आपणच खाली आणतो. दोन्ही बाजू एकदम तर कधीच दाबू द्यायच्या नाहीत.

घड्याळ एकच आहे ही अडचण समजू नका, सोयच आहे. तुम्ही ‘सुरू’ म्हणा आणि १५ सेकंदांनी ‘थांबा’. इथे एक बारीक गोष्ट आहे. तुमच्या हाकेवर मोजायचं असेल तर हाकेनंतर येणारा पहिला ठोका ‘एक’. पण घरी मूल स्वतः ठोक्याबरोबर स्टॉपवॉच चालू करणार असेल तर तो ठोका ‘शून्य’, पुढचा ‘एक’. नाहीतर दर वेळी मिनिटाला ४ ठोके फुकटचे वाढतात.

नाडीआधी मोजणीची परीक्षा घ्या. मोबाईलवर ठराविक तालात टिकटिक करणारं मेट्रोनोमचं ॲप घ्या, वेग मिनिटाला ७६ ठेवा, पण मुलांना सांगू नका. १५ सेकंद ऐकवा. उत्तर १९ यायला हवं, एखादा कमी-जास्त चालेल. मग वेग १५२ करा, उत्तर ३८. इथे वर्ग गडबडतो आणि त्याला आपली मराठी थोडी जबाबदार आहे. सेकंदाला अडीच ठोके पडत असताना ‘एकोणतीस’ म्हणेपर्यंत तिसावा येऊन जातो. म्हणून मोठे आकडे मोजायचेच नाहीत. एक ते दहा, पुन्हा एक ते दहा, आणि दर दहाला मोकळ्या हाताचं एक बोट मिटायचं. तीन बोटं आणि वर आठ, झाले ३८. तुमच्याकडे पळून आल्यावर ठोके ‘कमी’ झाले त्यातले काही असेच हरवलेले असणार.

विश्रांतीचे ठोके मधल्या सुट्टीनंतर किंवा पीटीच्या तासानंतर घेऊ नका. मुलांना पाच मिनिटं पाठ टेकून, न बोलता बसवा. पाय जमिनीला टेकलेले. मग तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा. २०, १९, २३ आले तर २०, म्हणजे मिनिटाला ८०. सरासरी काढली तर त्या एका भरकटलेल्या २३ ने आकडा वर ओढला जातो.

काही मुलं सांगतील की ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. त्यांना सावकाश खोल श्वास घ्यायला आणि सोडायला सांगा. श्वास आत घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. या वयात हे ठळक जाणवतं आणि ते अगदी स्वाभाविक आहे.

दुसऱ्या तासाला व्यायाम. पळायला लावलं की कुणी जीव तोडून पळतं, कुणी रमतगमत, मग आकड्यांची तुलना कशाशी करणार? म्हणून पायरी बरी. व्हरांड्याची एकच पायरी सगळ्यांसाठी ठरवा आणि तिची उंची मोजून फळ्यावर लिहा. मेट्रोनोम ९६ वर ठेवा: उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. असे मिनिटाला २४ फेरे होतात, तीन मिनिटं करायचे. अर्धा वर्ग चढेल, अर्धा मोजेल, मग अदलाबदल. जोड्या मुलांनाच निवडू द्या, कारण मनगट जोडीदारानेच धरायचं आहे. चढणाऱ्याला धाप लागलेली असते, त्याला स्वतःचं मोजणं जमत नाही. ताप, दमा, नुकतंच आजारपण किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांना वेळ आणि नोंदी यांचं काम द्या. चढताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबवायचं.

थांबल्यानंतरचे काही सेकंद फार महत्त्वाचे. तीन मिनिटं होताच मूल पायरीवर बसेल आणि जोडीदार लगेच खोबण शोधेल. त्यासाठी ५ सेकंद द्या आणि ५ ते २० सेकंद मोजा. पुढची मोजणी थांबल्यापासून १, २ आणि ३ मिनिटांनी, प्रत्येकी १५ सेकंद. समजा विश्रांतीला ८० असलेल्या एका मुलाचे आकडे ३६, २८, २४, २२ आले, म्हणजे १४४, ११२, ९६, ८८. एका मिनिटात ठोके ३२ ने खाली आले. नाडी शोधण्यात अर्धं मिनिट गेलं किंवा पूर्ण मिनिट मोजत बसलं तर १४४ कधी दिसणारच नाही, त्याऐवजी १२०-१३० च्या आसपास काहीतरी येईल. आणि जिने चढून आल्या आल्या घेतलेला ‘विश्रांतीचा’ आकडा याच्या शेजारी ठेवला, तर व्यायामाने काहीच झालं नाही असं वाटेल.

घरातला ऑक्सिमीटर पडताळ्याला आणलात तर चालेल, पण बसलेल्या, हात स्थिर ठेवलेल्या मुलावरच. बोट हललं, गार असलं, नखाला गडद नेलपॉलिश असलं की तो चुकू शकतो. शिवाय तो काही सेकंदांची सरासरी दाखवतो, त्यामुळे ठोके झपाट्याने उतरत असताना जरा मागे राहतो.

आता आकडे वाचायचं. या वयात शांत बसल्यावर साधारण ६० ते १०० मध्ये बहुतेक मुलं येतात. ८० वाला ७२ वाल्यापेक्षा ‘कमी तंदुरुस्त’ आहे असं वर्गात चुकूनही म्हणू नका. ८ चा फरक म्हणजे १५ सेकंदांत दोन ठोके, आणि तेवढा तर एकाच मुलाच्या दोन मोजण्यांतही पडतो.

दोन मुलं घेऊ. दोघांचे विश्रांतीचे ७६. अ चे व्यायामानंतर लगेच १२८ आणि एका मिनिटाने ९२. ब चे १५२ आणि १२४. काम तेच, पण ब च्या हृदयाला त्यासाठी जास्त धावावं लागलं आणि एका मिनिटात अ चे ३६ उतरले तर ब चे २८. इथपर्यंत आकडे सांगतात. का, ते मात्र सांगत नाहीत. ब बुटका असेल तर तीच पायरी त्याला उंच पडते. त्याचं वजन जास्त असेल, रात्री झोप झाली नसेल, वर्ग तापलेला असेल. मुलांना हीच कारणं शोधायला लावा, आलेख त्यासाठीच काढायचा: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर ठोके.

‘२२० वजा वय’ हे सूत्र मुलं मोबाईलवरून शोधून आणतीलच. ते प्रौढांसाठीचं ढोबळ सूत्र आहे आणि एकेका माणसात १०-१२ ठोके सहज इकडेतिकडे होतं. शाळकरी वयात कमाल ठोके साधारण २०० च्या आसपास असतात आणि वर्षागणिक फारसे उतरत नाहीत, म्हणून वर्गात सरळ २०० धरा. मघाच्या ८० आणि १४४ वाल्या मुलाचं उदाहरण घ्या. त्याच्याकडे वाढायला जागा होती २०० वजा ८०, म्हणजे १२०. त्यातले ६४ वाढले. ६४ भागिले १२०, म्हणजे निम्म्याहून जरा जास्त. नुसतं १४४ म्हणण्यापेक्षा हे मुलांना पटकन कळतं, कारण दोन वेगवेगळ्या विश्रांतीच्या आकड्यांची मुलं एका मापात येतात.

कुणाचे बसल्या जागी १०० च्या वर आले तर आधी पुन्हा बसवा आणि दहा मिनिटांनी मोजा. ताप, चहा, परीक्षेची धास्ती, नुकतंच पळणं, यांतलं काहीतरी निघतंच. वेगवेगळ्या दिवशी शांत असतानाही तेच आलं तर पालकांना बाजूला घेऊन सांगा आणि डॉक्टरांकडे पाठवा, वर्गात चर्चा नको. ६० च्या खालच्यांतही आधी मोजणी तपासा. रोज सराव करणाऱ्या धावपटू मुलामुलींचे ठोके तेवढे असू शकतात, पण सोबत चक्कर येत असेल तर त्यांनाही डॉक्टरांकडे पाठवा.

सहा आठवडे रोजचा व्यायाम करून पुन्हा मोजणार असाल तर पायरी, ताल, दिवसाची वेळ आणि शक्यतो मोजणारा जोडीदारही तोच ठेवा. ब चे १५ सेकंदांतले ठोके ३८ चे ३४ झाले आणि दोन दिवस लागोपाठ झाले, तर सुधारणा म्हणा. ३८ चे ३७ झाले तर तो एक ठोका आहे, कदाचित मोजताना हुकलेला.