व्हायरल की बालदमा? तीन वर्षांच्या मुलीला रोजचा पंप कधी सुरू करावा?

प्रश्न: मुलगी ३ वर्षांची, राहणार कोथरूड. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाल्यापासून पाच वेळा छाती भरली, दर वेळी आधी सर्दी. दोनदा तोंडावाटे स्टेरॉइड द्यावं लागलं. मधल्या दिवसांतही हसली-पळाली की खोकते. तान्ही असताना एक्झिमा होता. पांढऱ्या पेशी ९,०००, इओसिनोफिल ६ टक्के, आयजीई २८०. एक डॉक्टर म्हणतात व्हायरल आहे, दुसरे म्हणतात बालदमा, रोज पंप द्या. कुणाचं ऐकू? पंपाची सवय लागेल का?

उत्तर:

दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. या वयात ॲलर्जीचा दमा असलेल्या मुलांनाही बहुतेक झटके सर्दीच्या विषाणूमुळेच येतात. त्यामुळे 'दर वेळी आधी सर्दी होते' एवढ्यावरून काहीच वेगळं करता येत नाही. दोन सर्द्यांच्या मधल्या दिवसांत मूल कसं असतं, यावर सगळं अवलंबून आहे.

निव्वळ विषाणूमुळे छाती वाजणारं मूल सर्दी ओसरली की अगदी स्वच्छ होतं. पळतं, खिदळतं, रात्रभर शांत झोपतं, आणि पुढच्या सर्दीपर्यंत आईवडिलांना काही आठवतही नाही. तुमच्या मुलीचं तसं नाही. हसताना आणि पळताना येणारा खोकला म्हणजे श्वासनलिका मधल्या काळातही चिडलेल्याच आहेत. मी बालरोगतज्ज्ञ म्हणून तुमच्या सगळ्या माहितीत या एका वाक्याला सर्वांत जास्त वजन देईन.

आता रक्ताचा रिपोर्ट. इओसिनोफिल म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी. टक्का पाहू नका, आकडा काढा: ९,००० चे ६ टक्के म्हणजे ५४०. दर मायक्रोलिटरला ३०० किंवा त्याहून जास्त इओसिनोफिल असलेल्या लहान मुलांना रोजच्या पंपातल्या स्टेरॉइडचा फायदा होण्याची शक्यता जास्त असते. मात्र दोन गोष्टी तपासा. तोंडावाटे स्टेरॉइड चालू असताना रक्त घेतलं तर हा आकडा खोटा कमी येतो, आणि पोटात जंत असतील तर उगाच वाढतो. आयजीई हे ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड. एकूण आयजीई २८० वरून फारसं काही ठरत नाही, तोही जंतांनी वाढतो. त्यापेक्षा घरातल्या धुळीतले किडे, बुरशी, झुरळ यांची त्वचेवरची चाचणी किंवा त्यांचं वेगवेगळं आयजीई उपयोगी पडतं. त्वचेची चाचणी करायची तर सर्दीची ॲलर्जीविरोधी औषधं आधी काही दिवस बंद ठेवावी लागतात, नाहीतर चाचणी खोटी निगेटिव्ह येते.

वर्षात चार किंवा अधिक झटके आणि सोबत आईवडिलांपैकी कुणाला दमा, मुलाला डॉक्टरांनी निदान केलेला एक्झिमा किंवा हवेतल्या ॲलर्जीची पॉझिटिव्ह चाचणी, यांपैकी एक गोष्ट असली तरी पुढे दमा टिकण्याचा धोका वाढलेला धरतात. तुमच्याकडे पाच झटके आणि एक्झिमा आहे. म्हणून माझं मत रोजच्या पंपाच्या बाजूने आहे, पण मुदत ठरवून केलेला प्रयोग म्हणून. मधला खोकला, एक्झिमा आणि वाढलेले इओसिनोफिल यांतलं काहीच नसतं, तर मी रोजचं औषध सुचवलं नसतं. झटक्यापुरता, श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचा पंप पुरला असता.

पंप लावण्याआधी डॉक्टरांनी एकदा वेगळी कारणं नाकारलेली असावीत. जन्मापासूनचा आवाज, सततचा ओला खोकला, न वाढणारं वजन, खाताना ठसका, शेंगदाणा घशात गेल्यावर अचानक सुरू झालेला त्रास, घरात क्षयाचा रुग्ण, यांतलं काही असेल तर आधी तो तपास. आणि पुढच्या वेळी छाती वाजेल तेव्हा कपडे काढून मोबाइलवर व्हिडिओ घ्या. घशातल्या कफाची घरघर आणि श्वास सोडताना छातीतून येणारी शिट्टी यांत घरोघरी गल्लत होते.

प्रयोग १२ आठवड्यांचा. डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. या वयात सहसा फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा ५० मायक्रोग्रॅमचा एक पफ सकाळी, एक संध्याकाळी, पंपाला जोडायच्या मास्क लावलेल्या नळकांड्यातून, म्हणजे स्पेसरमधून देतात. पंप हलवा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, एकच पफ दाबा, शांतपणे पाच-सहा श्वास होऊ द्या. मग चूळ भरायला लावा आणि तोंड पुसा. मूल रडत असेल तर औषध छातीत जवळजवळ पोचतच नाही. झोपेतही मास्कला फट राहते किंवा मूल जागं होऊन ढकलतं, म्हणून जागं असताना, मांडीवर घेऊन द्या. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. पंपावर काउंटर नसेल तर सुरू केल्याची तारीख लिहा. औषध संपलं तरी फवारा काही काळ येत राहतो.

रोज वहीत तीनच गोष्टी लिहा: रात्री खोकला आला का, खेळ थांबवावा लागला का, साल्ब्युटामॉलचे किती पफ लागले. हे आत्ताच, पंपाआधी दोन आठवडे सुरू करा, म्हणजे तुलनेला काहीतरी राहील.

इथे पुण्यात हमखास होणारी चूक सांगतो. ऑक्टोबरमध्ये पंप सुरू केला, मार्चमध्ये मूल ठणठणीत झालं, आणि श्रेय पंपाला मिळालं. पण मार्च ते मे सर्द्या एरवीही कमीच होतात. म्हणून झटक्यांच्या संख्येवरून निकाल लावू नका. हसताना-पळतानाचा आणि रात्रीचा खोकला पहिल्या चार ते आठ आठवड्यांत ठळकपणे कमी झाला का, ते पाहा. झाला तर १२ आठवड्यांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने पंप थांबवून बघतात. ऐन थंडीच्या सर्द्यांत थांबवण्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबवणं बरं. थांबवल्यावर चार आठवड्यांच्या आत त्रास परतला, तर दम्याचं निदान पक्कं होतं आणि पंप पुन्हा सुरू होतो. नाही परतला, तर जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकत्र सुरू होतील तेव्हा वही पुन्हा काढा. खरी परीक्षा तेव्हाच.

खोकला कमी झालाच नाही, तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांसमोर मुलीला पंप देऊन दाखवा. पद्धत बरोबर असूनही उपयोग नसेल, तर औषध बंद करून निदान पुन्हा तपासायचं.

सवय लागत नाही. उंचीवर थोडा परिणाम होतो. २ ते ३ वर्षांच्या मुलांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात, जो २००६ साली प्रसिद्ध झाला, दोन वर्षं रोज फ्लुटिकासोन घेतलेल्यांची उंची सुमारे १ सेंटिमीटरने कमी राहिली. औषध चालू असेपर्यंत त्रास कमी होता, थांबवल्यावर फायदा टिकला नाही. म्हणजे पंप दमा मुळातून घालवत नाही, मुलीचे दिवस आणि रात्री सांभाळतो. म्हणूनच गरज नसताना तो वर्षानुवर्षं चालू ठेवायचा नाही, आणि दर भेटीला उंची मोजून घ्यायची.

मॉन्टेलुकास्टचं सिरप 'पंपापेक्षा सौम्य' म्हणून दिलं जातं. त्याने काही मुलांत चिडचिड, वाईट स्वप्नं, वागण्यात बदल दिसतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये यासाठी सर्वांत कडक इशारा दिला. सुरू केलंच असेल तर झोप आणि वागणूक लक्षपूर्वक पाहा. घरात उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल मात्र आजच बंद करा.

झटक्यात बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, बोलता किंवा पिता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा साल्ब्युटामॉलचा आराम चार तासही टिकत नसेल, तर घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. जाताना साल्ब्युटामॉलचा पंप आणि स्पेसर बरोबर घ्या, आणि वाटेतही पफ देत राहा.