चाळीस जणांत चार डी द्यावेच लागतात

"सर, माझी मुलगी पुण्यात हिंजवडीला आयटी कंपनीत आहे, अडीच वर्षं झाली. ऑक्टोबरमध्ये मॅनेजर म्हणाले छान चाललंय. डिसेंबरात तिचं प्रोजेक्ट बदललं, मॅनेजर पण बदलले आणि आता अप्रेझलमध्ये डी आलं, सगळ्यात खालचं. तिच्या रूमवरच्या मैत्रिणीला बी आलं, जिला हिनेच रात्र रात्र बसून काम शिकवलं. आता दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. ही म्हणते मी आयटीच्या लायकीचीच नाही, राजीनामा देते आणि एमपीएससी करते. मी लातूरला असते, मला यातलं काही कळत नाही. तिला काय सांगू?" (एक आई, लातूर)

ताई, आधी ते डी येतं कुठून ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय तुम्ही तिला फोनवर काहीही सांगितलंत तरी ती म्हणणार आई तुला नाही कळत.

समजा पाच मॅनेजर आहेत आणि प्रत्येकाकडे आठ माणसं, म्हणजे चाळीस जणांचा एक पूल झाला. कंपनी वरून आकडे देते, समजा ए 4, बी 8, सी 24 आणि डी 4. हे आकडे वर्षाचं काम बघून ठरत नाहीत, आधीच ठरलेले असतात. चाळीसच्या चाळीस जणांनी जीव तोडून काम केलं तरी चार जणांना डी द्यावंच लागतं, यालाच बेल कर्व्ह म्हणतात. शाळेत पस्तीस मार्क पडले की पोरगं पास, मग वर्गात कितीही पास होवोत, इथे तसं नाही, इथे चार जण नापास करायचे हे परीक्षेच्या आधीच ठरलेलं.

आता ते चार कोण हे एका मीटिंगमध्ये ठरतं, तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. मी नोकरीत असताना अशा बऱ्याच मीटिंगांना बसलोय. समोर पडद्यावर एक्सेल शीट, शेवटच्या ओळीत डीची संख्या, ती तीन असली की तो चौकोन लाल दिसायचा आणि चार झाली की हिरवा. एका वर्षी संध्याकाळचे साडेसात झाले तरी तीनच होते, कोणीच आपला माणूस द्यायला तयार नाही, आणि माझ्याकडे एक मुलगा होता जो तीन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या टीममधून आलेला. त्याच्या आधीच्या नऊ महिन्यांबद्दल मला सांगता येईना, जुना मॅनेजर त्या खोलीत नव्हता. त्याचं सी मी स्वतः डी केलं आणि चौकोन हिरवा झाला. त्याने काम वाईट केलं असं मी आजही म्हणणार नाही, त्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे काही नव्हतं एवढंच, आणि मी ते शोधायलाही गेलो नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या पत्रातलं डिसेंबरचं वाक्य वाचलं तेव्हा मला तो मुलगाच आठवला. डी कोणाकडे जातं याचा एक साचा आहे, मधेच प्रोजेक्ट बदललेले, लांब सुट्टीवर असलेले, गेल्या वर्षीच प्रमोशन झालेले ("त्याला तर आत्ताच मिळालंय ना") आणि नोटीस पिरियडवर असलेले. कोणी राजीनामा दिलेला असला की मॅनेजरांना बरंच वाटतं, एक डी आपोआप भरलं.

हे मूळचं अमेरिकेतलं, जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श यांनी रुजवलं, वरचे 20 टक्के, मधले 70 आणि खालचे 10 काढून टाकायचे. मायक्रोसॉफ्टने असली सक्तीची रँकिंग 2013 च्या नोव्हेंबरमध्ये बंद केली, आपल्याकडे इन्फोसिसने 2015 मध्ये बेल कर्व्ह सोडला. पण पगारवाढीचं बजेट ठरलेलं असतं आणि ते कसं वाटायचं हा प्रश्न उरतोच, म्हणून बऱ्याच ठिकाणी नाव बदलून तीच वाटणी चालू राहते.

पण ताई, सगळं खापर कर्व्हवर फोडून पण चालणार नाही. कामात खरंच काही राहिलंय का हे ओळखता येतं. तिने नव्या मॅनेजरकडे अर्धा तास मागायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या: माझं कुठलं काम कमी पडलं ते एखाद्या उदाहरणासकट सांगा, आणि नॉर्मलायझेशनच्या आधी तुम्ही मला काय दिलं होतं. ते म्हणाले की फेब्रुवारीतल्या रिलीजला तुझ्या मोड्यूलमध्ये हे तीन बग क्लायंटला सापडले, तर ते लिहून घ्यायचं, त्यात शिकण्यासारखं आहे. आणि "व्हिजिबिलिटी कमी पडली", "ओव्हरऑल बघता" असं गोल गोल बोलले तर समजायचं की त्या खोलीत तिच्या नावावर कोणाकडे बोलायला काही नव्हतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कदाचित मिळणार नाही, तरी विचारावं.

मैत्रिणीचं सांगतो. तिला बी मिळालं म्हणून हिला डी आलं असं सहसा नसतं. बीच्या आठ जागांची ओढाताण वेगळी आणि डीच्या चार जागांची वेगळी, मैत्रीण बीमधून सीमध्ये आली असती तरी हिचं डी बहुतेक तिथेच राहिलं असतं. हिला खरं टोचतंय ते दुसरंच असणार, रात्री बसून सोडवून दिलेलं तिकीट, म्हणजे सिस्टीमवर नोंदवलेलं काम, मैत्रिणीच्या नावावर बंद झालं आणि शीटमध्ये हिचं नावच नाही. या पद्धतीत हळूहळू माणसं एकमेकांना शिकवणं बंद करतात, शेजारच्याला बग सापडला तरी गप्प बसतात, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तिला म्हणावं मदत बंद करू नको, फक्त तिकिटाखाली कमेंट टाक की मी काय शोधलं, आणि महिन्याच्या शेवटी मॅनेजरला पाच ओळींचा मेल टाक, काय संपवलं, कोणाला मदत केली, काय अडलंय. पुन्हा मॅनेजर बदललाच तर ते मेल नव्याला पाठवता येतात. त्या मुलाचे असे नऊ मेल माझ्याकडे असते तर मला त्या संध्याकाळी बोलता आलं असतं.

आता लगेच करायचं ते. पोर्टलवर "अ‍ॅक्नॉलेज" दाबणं म्हणजे रेटिंग पाहिलं एवढंच असतं की मान्य केलं, ते तिथली ओळ वाचून मगच दाबायचं, आणि कमेंटची जागा असेल तर शांत शब्दांत लिहायचं की एप्रिल ते डिसेंबरच्या कामाचा फीडबॅक आधीच्या मॅनेजरकडून घेतला गेला का. आधीच्या मॅनेजरला पण दोन ओळी मागायच्या. अपील केल्यावर डीचं सी होतंच असं नाही, पण पुढच्या वर्षी फाइल उघडली की हे सापडतं. डीमुळे या वर्षीची वाढ आणि व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा रेटिंगवर ठरणारा भाग, बहुतेक जाईल, अंतर्गत बदली पण काही काळ अडू शकते, हे तिला खरं खरं सांगा. पीआयपीचं पत्र आलंय का ते मात्र नक्की विचारा, ती वेगळी गोष्ट आहे. त्यात ठरावीक दिवसांत ठरावीक काम दाखवावं लागतं, नाही झालं तर नोकरी जाऊ शकते, म्हणून टार्गेट मेलवर लिहून घ्यायची आणि त्याच दिवसापासून बाहेर पण अर्ज सुरू करायचे. नवीन कंपनीला सहसा पगाराच्या स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर लागतं, रेटिंग क्वचितच विचारतात.

एमपीएससीचं मी नको म्हणणार नाही, पण एकच विचारा, बी आलं असतं तरी तू एमपीएससी केली असतीस का? हो म्हणाली तर मला पुन्हा लिहा, त्याचा अभ्यास, वय, पैसे यावर नीट बोलू. नाही म्हणाली तर राजीनामा राहू दे, आधी पोर्टलवर अपीलची शेवटची तारीख बघायला सांगा, ही मुदत थोड्याच दिवसांची असते आणि रडण्यात निघून जाते.