दादाची साठी का एकसष्टी?

"माझा मोठा भाऊ पुण्यात असतो, जन्म ऑगस्ट १९६५चा. या ऑगस्टात त्याला साठ पूर्ण होतायत. हिमरू शाल पाठवायलेय, सोबत पत्र. त्यात 'साठी' लिहू का 'एकसष्टी'? घरात दोन्ही म्हणायलेत आणि काका म्हणतात एकसष्टी पुढच्या वर्षी असते."

ताई, दोन्ही शब्द याच ऑगस्टातले आहेत, काका एक वर्ष पुढं गेलेत. वाढदिवस आपण पूर्ण झालेल्या वर्षांवरून मोजतो आणि 'एकसष्टी' हा लागलेल्या वर्षाचा शब्द आहे, सगळा घोळ एवढाच. दादाचं पहिलं वर्ष जन्मल्या दिवशीच लागलं, ते ऑगस्ट १९६६ला संपलं, त्या दिवशी पहिला वाढदिवस झाला आणि त्याच दिवशी दुसरं वर्ष लागलं. असंच मोजत आलं की ऑगस्ट २०२५ला साठावं संपतं आणि एकसष्टावं लागतं, म्हणजे साठावा वाढदिवस आणि एकसष्टी एकाच दिवशी. बरीच घरं एकसष्ट पूर्ण झाल्यावर करतात हे खरंय, कारण पंच्याहत्तरी पंच्याहत्तर पूर्ण झाल्यावर होते, मग एकसष्टीही तशीच असणार असं वाटतं. त्यावरून काकांशी वाद घालू नको, पत्रात फक्त 'साठ पूर्ण झाली, एकसष्टावं लागलं' असं लिही, कुणाला शंकाच राहणार नाही.

आता साठच का, तर यातच पत्रासाठी एक फार गोड गोष्ट आहे. एकसष्टीच्या पत्रिकेवर 'षष्ट्यब्दीपूर्ती' छापतात, अब्द म्हणजे वर्ष, साठ वर्षं पुरी झाली इतकाच अर्थ. पण आपल्या पंचांगात संवत्सरांची नावं पण साठच आहेत, प्रभवपासून क्षयपर्यंत, मग परत पहिल्यापासून. १९६५च्या पाडव्याला विश्वावसु संवत्सर लागलं होतं, दादा त्यात जन्मला, आणि २०२५च्या पाडव्याला परत विश्वावसुच लागलंय, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाडव्याच्या चौकोनात बघ. म्हणजे दादाच्या जन्माचं संवत्सर फिरून घरी आलंय. पंचाहत्तरीला असं काही होत नाही. (जन्म जानेवारी-फेब्रुवारीतला असता तर आधीचं संवत्सर धरावं लागलं असतं, ऑगस्टला ती अडचण नाही.)

'साठी' शब्दात चूक काहीच नाही, चाळिशी-पन्नाशीसारखाच तो. पण मी असतो तर वाढदिवसाच्या पत्रात टाळला असता. एक तर 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण सगळ्यांच्या तोंडात आहे, नाठी म्हणजे नष्ट झालेली, आणि मोठ्या भावाला शुभेच्छा वाचताना ती आठवायला नको. दुसरं म्हणजे 'तुझ्या साठीसाठी शाल पाठवतेय' असं वाक्य होऊन बसतं, वाचणारा अडखळतो. लिहायचीच असेल तर क्रियापद जपून वापर, 'साठी गाठली' म्हणजे आत्ता झाली, 'साठी उलटली' म्हणजे होऊन गेली, आणि 'साठीतला' म्हणलं की थेट एकोणसत्तरपर्यंतचा कुणीही.

तू विचारलं नाहीस पण मायन्याचं सांगून ठेवतो, कारण तिथं खरी चूक होते. जुन्या रीतीनं तीर्थरूप हे आईवडिलांना आणि तीर्थस्वरूप हे त्यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांना, म्हणून मोठ्या भावाला तीर्थस्वरूप. पण त्याचं 'ती. स्व. दादास' असं आखूड करू नको, आता 'स्व.' दिसलं की लोक स्वर्गीय वाचतात. पूर्ण शब्द लिही, नाहीतर सरळ 'प्रिय दादा'. आणि 'आहेर पाठवला' असंही नको, आहेर समोर बसवून करतात, कुरिअरनं जाते ती भेट.

मला सुचतं ते असं, तुझ्या बोलीत बदलून घे, घरी 'तुम्ही' म्हणत असशील तर तसं कर:

"तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार. तुला साठ पूर्ण झाली, आजपासून एकसष्टावं लागलं. तू झालास तेव्हा विश्वावसु संवत्सर होतं म्हणे, यंदा तेच परत आलंय. सोबत हिमरू शाल पाठवतेय. तिच्या आतल्या बाजूला धागे सुटे असतात, घेताना अंगठी काढून ठेव, अडकते. समोर असते तर पाटावर बसवून, ओवाळून मीच खांद्यावर टाकली असती. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये, तेवढं राहिलेलं करून घेऊ."