पनीरच्या पाकिटावरची यूज बाय काल संपली पण वास ठीक आहे, रात्रीचा भातही ठीक वाटतोय, खाऊ का?

पनीर टाकून द्या. भाताचं उत्तर मात्र तो रात्रभर कुठे होता यावर अवलंबून आहे, आणि खरं सांगू का, मला पनीरपेक्षा भाताचीच काळजी जास्त वाटते, कारण त्याच्यावर कुठली तारीख छापलेली नसते आणि घरोघरी तो फक्त वासावर पास होतो.

आधी तारखांचं बघू. बेस्ट बिफोर म्हणजे तोवर चव आणि कुरकुरीतपणा जसाच्या तसा राहील एवढंच. बिस्किटं, चिवडा असल्या कोरड्या पदार्थांत पाणी इतकं कमी असतं की त्यात जंतू वाढतच नाहीत, तारीख उलटली की ते सादळतात किंवा तेल खवट होतं, आणि ते पहिल्या घासाला कळतं. यूज बाय किंवा एक्स्पायरी उलटली की मात्र माल विकायचाही नाही आणि खायचाही नाही. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार ही तारीख छापणं सक्तीचं आहे आणि बेस्ट बिफोर जोडीला छापली तर चालते, म्हणून हल्ली कोरड्या मालावरही यूज बाय दिसते. नियम तिथेही तोच, पण पनीर ओलं आणि प्रोटीनवालं असल्यामुळे तिथे धोका खरा आहे. अजून एक, ही तारीख न फोडलेल्या आणि सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या पाकिटाची असते. पाकीट फोडलंत की ती विसरा आणि उघडल्यावर किती दिवसांत संपवायचं ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते बघा.

आता वास. अन्न आंबतं, विटतं, तेव्हा वास सोडणारे जंतू वेगळे आणि आपल्याला आजारी पाडणारे बरेचदा वेगळे असतात. म्हणजे वास वाईट आला तर टाकायचंच, पण वास चांगला आला म्हणून अन्न चांगलं असं होत नाही.

भातात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते भात शिजताना मरत नाहीत. समजा रात्री नऊला कुकर उतरवला, जेवणं झाली आणि उरलेला भात झाकण लावून ओट्यावरच राहिला. तो आतून कितीतरी वेळ कोमट राहतो, ओलावा असतोच, मग बीजाणू जागे होतात, जंतू वाढतात आणि त्यातले काही विष तयार करतात. सकाळी आठला तुम्ही झाकण काढता, दाणे मोकळे, वास नेहमीचा, आणि आपण म्हणतो चांगला परतून फोडणीचा भात करू म्हणजे काय असेल ते मरेल. जंतू मरतात हो, पण विष तसंच राहतं, १२१ अंशांवर तासभर तापवलं तरी ते टिकतं, कढईत पाच मिनिटं परतून त्याला काहीच होत नाही. मग खाल्ल्यावर साधारण अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत मळमळ आणि उलट्या. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, पण लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल आणि पाणीही पोटात टिकत नसेल तर डॉक्टरकडे न्या, वाट बघू नका.

म्हणून फोडणीचा भात करायचाच असेल तर त्याची तयारी रात्रीच करायची. जेवण झालं की उरलेला भात ताटात किंवा परातीत पातळ पसरा, पंख्याखाली लवकर निवतो, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात तर तासाभरातच. कुकरचं भांडं गरमच फ्रिजमध्ये सरकवलं तर मधला गोळा तासन् तास कोमट राहतो, ते नको. फ्रिज पाच अंशांच्या आत हवा आणि भात दुसऱ्या दिवशी संपवायचा, लागेल तेवढाच काढून वाफा येईपर्यंत गरम करायचा, उरलेला परत आत ठेवायचा नाही. तुमचा भात असा ठेवलेला असेल तर खुशाल खा, ओट्यावर राहिला असेल तर नको.

डोळ्यांना दिसतं त्यावर मात्र लगेच निर्णय घ्या. आमटीला तार सुटली, भाजीवर फेस आला, पनीर बुळबुळीत लागलं किंवा पाकीट फुगलं तर चव घेऊन बघायची नाही, सरळ टाका. ब्रेडवर बुरशीचा एक ठिपका दिसला तर तेवढा तुकडा काढून बाकीचा खातात पुष्कळजण, पण ब्रेड मऊ आणि सच्छिद्र असतो, बुरशीचे धागे आत कुठवर गेलेत ते दिसत नाहीत, त्यामुळे अख्खं पाकीटच टाका.