‘संदेश पोचतो’ की ‘जाणीव होते’? जेवण, टीव्ही आणि २० मिनिटं

प्रश्न: सोसायटीच्या आरोग्य शिबिरासाठी पत्रक लिहितेय. त्यातलं एक वाक्य असं आहे: ‘पोट भरल्याचा संदेश मेंदूला पोचायला २० मिनिटं लागतात, म्हणून टीव्ही किंवा मोबाईल बघत जेवलं की जास्त खाल्लं जातं.’ यात ‘संदेश पोचणे’ बरोबर आहे का? की ‘तृप्ती होणे’ लिहू?

उत्तर: दोन्ही नको. ‘पोट भरल्याची जाणीव होणे’ लिहा. पण ताई, माझी मोठी हरकत तुमच्या ‘म्हणून’ला आहे. आधी क्रियापदाचं बघू.

‘पोचायला २० मिनिटं लागतात’ असं वाचलं की वाटतं, निरोप पोटातून वेळेवर निघाला आणि वाटेत रखडला. तसं होत नाही. जठराची भिंत ताणली गेली की ती खबर व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून मेंदूकडे लगेच जाते. वेळ लागतो तो बाकीचा निरोप तयार व्हायला. गिळलेला घास जठरात घुसळला जातो आणि थोडाथोडा लहान आतड्यात उतरतो. त्यातले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं आतड्याच्या अस्तराला लागली की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सोडतात. रक्तात त्याचं प्रमाण चांगलं चढेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. आतड्याच्या आणखी खालच्या भागातून येणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं त्याहून सावकाश वाढतात. पीवायवाय तर जेवण उरकून तास उलटल्यावरही चढत असतं. भूक लावणारं घ्रेलिनही घास घेतल्या घेतल्या उतरत नाही.

म्हणजे विसाव्या मिनिटाला कुठली घंटा वाजत नाही. जाणीव हळूहळू साठत जाते आणि साधारण तेवढ्या वेळात तिला पुरेसा जोर येतो. पदार्थ पातळ आहे की घट्ट, त्यात तूप-तेल किती, यावर हा वेळ पुढे-मागे होतो. म्हणून आकड्याआधी ‘साधारण’ हवंच. तो गाळलात तर कुणीतरी घड्याळ लावून बसेल आणि विसाव्या मिनिटाला काहीच झालं नाही म्हणून सगळं पत्रक खोटं ठरवेल.

एक ताट घेऊन बघा. साडेआठला जेवायला बसलेल्या माणसाने तीन पोळ्या, भाजी आणि वरणभात आठ मिनिटांत संपवला. त्या क्षणी जठर ताणलेलं आहे, पण आतड्याकडून येणारी खबर जेमतेम सुरू झालीय. तो म्हणतो, ‘अजून एक चालेल,’ आणि चौथी पोळी घेतो. भूक तेव्हा खरंच पुरती शमलेली नसते, त्याचं चुकतं असं नाही. पावणेनऊनंतर तोच माणूस कंबरेचं बटण सैल करतो आणि पोटाला तडस लागली म्हणतो. ‘तडस’ हा शब्द आपण नेहमी हात धुतल्यानंतर वापरतो, जेवताना क्वचितच. पुढे जे होतं त्याला जेवण ‘अंगावर येणं’ म्हणतो. पंगतीत यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात. भातानंतर पोळी, पोळीनंतर पुन्हा भात, मध्ये वाढप्यांची वाट बघणं, यात अर्धा तास सहज जातो. (आग्रहामुळे त्या अर्ध्या तासाचा फायदा बुडतो, हेही खरं.)

नुसत्या वेगाने फरक पडतो का, हे अथेन्समधल्या संशोधकांनी २०१० साली तपासलं होतं. निरोगी पुरुषांना त्यांनी ३०० मिलिलिटर आइस्क्रीम दिलं, एकदा पाच मिनिटांत संपवायला आणि एकदा अर्ध्या तासात. पदार्थ तोच, माप तेच. अर्ध्या तासात खाल्लं तेव्हा रक्तात जीएलपी-१ आणि पीवायवाय जास्त आढळलं.

आता तुमचा ‘म्हणून’. त्याने असा अर्थ होतो की टीव्हीपुढे जास्त खाल्लं जातं ते या उशिरामुळे. उशीर तर भिंतीकडे बघत भराभर जेवलं तरी होतोच. पडदा दोन वेगळ्या गोष्टी करतो. एक म्हणजे पोटाकडून येणारी खबर असूनही तिच्याकडे लक्ष जात नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: जेवण नीट आठवणीत राहत नाही.

ब्रिस्टल विद्यापीठातला २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे अगदी लागू पडतो. सगळ्यांना दुपारचं सारखंच जेवण दिलं, नऊ वेगवेगळे पदार्थ असलेलं. अर्धे लोक जेवताना कॉम्प्युटरवर सॉलिटेअर खेळत होते, बाकीचे नुसते जेवले. जेवण संपल्यावर खेळणाऱ्यांना पोट कमी भरल्यासारखं वाटलं. अर्ध्या तासाने बिस्किटं समोर ठेवली, तर ती त्यांनीच जास्त खाल्ली. नऊ पदार्थ कुठल्या क्रमाने खाल्ले हेही त्यांना कमी आठवलं. बिस्किटं आली ती अर्ध्या तासानंतर, म्हणजे तुमची २० मिनिटं उलटून गेल्यावर. पोटात सगळ्यांच्या तेवढंच अन्न होतं. तरीही फरक पडला, तेव्हा तो उशिरामुळे पडला असं म्हणता येत नाही.

आठवणीचा यात किती वाटा असतो, ते १९९८ च्या एका अभ्यासात फार स्पष्ट दिसलं. नवीन काहीच लक्षात राहू शकत नाही अशा दोन रुग्णांना पोटभर जेवण दिलं आणि १० ते ३० मिनिटांनी ‘जेवण आलंय’ म्हणून पुन्हा ताट पुढे केलं. त्यांनी ते खाल्लं, आणि बहुतेक वेळा तिसरंही खायला घेतलं. जठर भरलेलंच होतं, पण आपण जेवलोय हे ठाऊक नव्हतं. ‘टीव्ही बघता बघता किती खाल्लं ते कळलंच नाही’ असं आपण म्हणतो, त्यातलं ‘कळलंच नाही’ इतकं शब्दशः खरं आहे.

राहिली ‘तृप्ती’. या शब्दात चव, मन, वाढणाऱ्याचं कौतुक, सगळं येतं. पोट भरलं पण मन भरलं नाही, तर त्याला आपण तृप्ती म्हणत नाही. शिवाय आहारशास्त्रात दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: जेवताना हात थांबवणारी जाणीव, आणि जेवल्यावर पुढची भूक लांबवणारी स्थिती. पहिलीला ‘पोट भरणे’ चपखल आहे. दुसरीसाठी ‘पोटाला आधार होणे’ हा घरचाच वाक्प्रचार आहे. ‘तृप्ती’ लिहिलंत तर दोन्हींची सरमिसळ होईल.

मी वाक्य असं लिहीन:

‘जेवायला सुरुवात केल्यापासून पोट भरल्याची पुरती जाणीव व्हायला साधारण २० मिनिटं लागतात, भराभर जेवलं तर ती व्हायच्या आत जास्त खाल्लं जातं. टीव्ही किंवा मोबाईल बघत जेवलं तर या जाणिवेकडे लक्ष राहत नाही आणि काय, किती खाल्लं हेही नीट आठवत नाही. त्यामुळे त्या वेळी आणि नंतरही जास्त खाल्लं जातं.’

‘नंतरही’ हा शब्द जागा वाचवायला काढू नका. अशा अनेक प्रयोगांचा २०१३ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा लक्ष दुसरीकडे असताना जेवण्याचा परिणाम त्याच जेवणापेक्षा पुढच्या खाण्यावर जास्त दिसला. वाचणारा रात्री टीव्हीपुढे मोजून दोनच पोळ्या घेत असेल, तर हे वाक्य आपल्यासाठी नाही असं त्याला वाटेल. पण दहा वाजता तो चिवड्याचा डबा उघडतो, त्याचा संबंध ‘नंतरही’मुळेच त्याच्या लक्षात येईल.