‘मला वाटतं’ झाकून बघा

"मॅडम, नवऱ्याचं माझ्याकडे लक्षच नसतं. बोलायला गेलं की म्हणतो, झाली तुझी तक्रार सुरू. कसं सांगू त्याला?"

कोथरूडमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यातल्या एकीची गोष्ट ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

पहिल्याच दिवशी ती डायरी घेऊन आली. अकरा प्रसंग, तारखांसकट. मी म्हटलं, "यातला एकच ठेवा. अकरा वाचलेत तर तो ऐकणार नाही, बचाव शोधेल." तिने मंगळवार निवडला. तो हिंजवडीहून सव्वानऊला आला. जेवताना तिने आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगितली. त्याचा अंगठा मोबाइलवर फिरत होता. "हं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, "तारीख ठरली का गं?"

"हे त्याला कसं सांगाल?"

"मला वाटतं, तुला माझी पर्वाच नाही."

इथे मी तिला थांबवलं. आपल्या मराठीत ‘वाटतं’ने मतही सांगता येतं आणि भावनाही, त्यामुळे आपण मत सांगतो नि भावना सांगितली असं समजतो. ‘मला वाटतं’ झाकून उरलेलं वाचायला सांगितलं. तिने वाचलं, "तुला माझी पर्वाच नाही." उरला तो निवाडा. ‘दुर्लक्षित वाटतं’चंही तेच, त्यात दुर्लक्ष करणारा आलाच.

"मग मला झालं तरी काय?" पाण्याच्या ग्लासाच्या कडेवरून ती कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. मी मध्ये बोलले नाही. मग हळूच म्हणाली, "एकटं वाटलं. आईची धास्ती मी एकटीच धरून बसलेय."

एवढ्या वर्षांत मला पटलंय, की हे वाक्य सापडलं की बाकीचं जमतं.

पुढचं आम्ही मिळून बांधलं: "मंगळवारी मी ऑपरेशनची तारीख सांगत होते तेव्हा तू मोबाइल बघत होतास. मला फार एकटं वाटलं. आज जेवल्यावर फोन आत ठेवून पंधरा मिनिटं माझ्याशी बोलशील?" ‘जरा लक्ष दे’ म्हटलं तर दिलं की नाही हे ठरवायचं कसं? पंधरा मिनिटं दोघांनाही कळतात. हे सांगायची वेळ रविवारच्या चहानंतरची ठरली, तो बूट काढत असतानाची नाही. बोलण्याच्या सुरुवातीला फार जपावं लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२४ नवविवाहित जोडपी होती. वादातल्या पहिल्या तीन मिनिटांवरूनच पुढे कोण वेगळं होईल याचा अंदाज बांधता आला होता.

"दिवसभर मीटिंगा असतात गं," तो म्हणालाच. या उत्तराचीही तिची तयारी होती: "दमतोस, माहितीये. म्हणून पंधराच मिनिटं."

मात्र जिथे तोंड उघडायचीच भीती वाटते, तिथे शब्द बदलून भागत नाही. तिथे मी आधी तिच्या सुरक्षिततेचं बघते.

पुढच्या वेळी दोघं आले. तो म्हणाला, "ही ‘नेहमी’ म्हणाली असती तर मी कधी कधी ऐकलं ते मोजत बसलो असतो. मंगळवार म्हणाली, आणि मला मंगळवार आठवला."