तो धबधबा तिथे नव्हता

प्रश्न: मी किल्ल्यांचे व्हिडिओ करतो. मध्ये एकदोन दृश्यं एआयने बनवलेली असतात. व्हिडिओत खरं वाटेल असं काही बदललंय किंवा बनवलंय का, हे विचारणाऱ्या यूट्यूबच्या Altered content ला Yes केलं तर व्ह्यूज आणि पैसे कमी होतात का? No ठेवलं तर चालेल?

उत्तर: Yes करा. त्यामुळे व्हिडिओ कमी लोकांना दाखवला जात नाही आणि कमाईची पात्रताही जात नाही, असं यूट्यूबने आपल्या मदतीच्या पानावर लिहिलेलंच आहे. चॅनेलवाल्यांची कमाई बंद होते ती बहुतेक दुसऱ्याच नियमाने. एकाच साच्यातून भसाभस काढलेल्या व्हिडिओंसाठी तो नियम आहे. जुलै २०२५ मध्ये त्याचं नाव बदलून inauthentic content केलं, आणि तेव्हापासून लोक या दोन्हींची गल्लत करतात.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी No ठेवलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका गडाचं शूटिंग केलं. पाऊस नव्हता, कडा कोरडा ठणठणीत. मग ड्रोनच्या शॉटमध्ये एआयने धबधबा घातला, जेमतेम नऊ सेकंदांचा. दिसला मात्र झकास. तिसऱ्या दिवशी कमेंट आली, ‘दादा, रविवारी आईबाबांना घेऊन येतोय, पाणी आहे ना अजून?’ खाली आणखी चौघांनी तेच विचारलेलं. मी उत्तर देईपर्यंत त्यातलं एक कुटुंब जाऊनही आलं होतं. त्यांनी जे लिहिलं ते इथे देत नाही.

मार्च २०२४ पासून लागू झालेला यूट्यूबचा नियम नेमका इथे लागतो. एआय वापरलं का, हा त्यातला प्रश्नच नाही. बघणाऱ्याला खरं वाटेल आणि खरं नाही, असं काही आहे का, एवढंच विचारलंय. खऱ्या माणसाच्या तोंडी तो न बोललेलं वाक्य घातलं, खऱ्या जागेचं किंवा घटनेचं चित्रण बदललं, किंवा कधीच न घडलेला प्रसंग हुबेहूब उभा केला, तर सांगायचं. माझा धबधबा दुसऱ्या प्रकारात बसतो.

आता तुमच्यासारख्या व्हिडिओत काय काय असतं ते बघू. पडलेल्या तटाच्या जागी अखंड तट आणि वर पहारेकरी, तेही कॅमेऱ्याने टिपल्यासारखे: Yes. तोच प्रसंग हाताने काढलेल्या चित्रासारखा, बघताक्षणी कळणारा: गरज नाही. रंग उजळवले, वाऱ्याचा आवाज काढला, स्क्रिप्ट किंवा थंबनेल एआयकडून करून घेतलं: गरज नाही. निवेदनाला दुसऱ्या कुणाचा आवाज क्लोन करून वापरला: Yes, आणि आधी त्या माणसाची परवानगी. धुकं थोडं दाट केलं तर? इथे मी स्वतःला विचारतो, हे बघून कुणी आपला बेत बदलेल का? बदलणार असेल तर Yes.

अपलोड करताना Details च्या पानावर Altered content दिसेल. जुन्या व्हिडिओलाही Studio मध्ये जाऊन Yes करता येतं. मी धबधब्याला तसंच केलं. Yes केल्यावर व्हिडिओला लागणारं लेबल साधारणपणे वर्णन उघडल्यावर दिसतं. आरोग्य, बातम्या, निवडणूक, पैसा असे विषय असले तर ते थेट प्लेअरवर येतं. म्हणजे तुमच्या बाबतीत बहुतेकांना ते दिसणारही नाही. म्हणून मी पहिल्या पिन केलेल्या कमेंटमध्ये मिनिट-सेकंद देऊन लिहितो: ‘२:१० ते २:१९ एआय, तिथे पाणी नाही.’ हे नियमात नाही, पण लोक याचाच उपयोग करतात.

No ठेवून निसटाल असंही नाही. यूट्यूब स्वतःहून लेबल लावू शकतं, आणि काही वेळा ते तुम्हाला काढताही येत नाही. वारंवार लपवलं तर व्हिडिओ उडू शकतो, पार्टनर प्रोग्राममधूनही बाहेर काढू शकतात. शिवाय २० फेब्रुवारी २०२६ पासून भारताच्या आयटी नियमांतही हे आलंय: मोठ्या प्लॅटफॉर्मना अपलोड करणाऱ्याकडून तसं जाहीर करून घ्यावं लागतं आणि ते तपासावंही लागतं.

एक मात्र लक्षात ठेवा, लेबल म्हणजे परवाना नव्हे. एखाद्या हयात व्यक्तीचा चेहरा वापरलात आणि तिने गोपनीयतेची तक्रार केली, तर Yes केलेलं असूनही व्हिडिओ जाऊ शकतो.

आणि उलटंही घडतं. २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने खऱ्या फोटोंवर Made with AI चिकटवलं, कारण फोटोग्राफरने एखादा ठिपका एआयच्या टूलने पुसला होता आणि त्याची नोंद फाइलमध्ये राहिली होती. ओरड झाल्यावर मेटाला शब्द बदलून AI info करावे लागले. म्हणून मूळ ड्रोन फुटेज मी कधीच डिलीट करत नाही. त्या कोरड्या कड्याचंही आहे अजून, हार्ड डिस्कवर.